कागद कोणत्या खणात गेला?

सत्तरीत पहिल्यांदा लॅपटॉप हाती घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार टायपिंगची नसते. माऊस हलवता येत नाही, हीही नसते. ती दोन दिवस हात बसवला की मिटते. न मिटणारी तक्रार वेगळीच असते: "मी सेव्ह केलं होतं, आता सापडत नाही." कागद हरवलेला नसतो. मशीनच्या आत तो सुखरूप असतो, पण कुठे, ते ठेवणाऱ्याला माहीत नसतं. मग तो पुढच्या वेळी कुठलीही जोखीम घेत नाही आणि सगळंच डेस्कटॉपवर ठेवू लागतो. महिन्याभरात त्या पडद्यावर चित्र दिसायलाही जागा उरत नाही.

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत मी कॉम्प्युटर शिकवते, आणि सुट्टीत शेजारची मुलंही येऊन बसतात. या दोन्ही वयांना फोल्डर समजावताना लोखंडी फायलिंग कॅबिनेटची तुलना उपयोगी पडते, हे काही नवं नाही. पण ती बहुधा एका वाक्यात उरकली जाते: "हे कपाट, हे फोल्डर, झालं." माझं ठाम मत असं आहे की ही तुलना सांगण्यापुरती वापरून भागत नाही, ती हातांनी करून घ्यावी लागते. आणि ती कुठे संपते, हेही त्याच दिवशी सांगावं लागतं. नाहीतर जिथे ती संपते तिथेच माणूस कागद घालवून बसतो.

मुळात ही तुलना शिकवणाऱ्यांनी शोधलेली नाही, ती मशीनमध्ये आधीपासूनच घातलेली आहे. 1981 साली अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीने स्टार नावाचा कॉम्प्युटर बाजारात आणला. तो कचेरीत काम करणाऱ्या, कॉम्प्युटरचं शिक्षण नसलेल्या माणसांसाठी होता. म्हणून त्याच्या पडद्यावर त्यांच्या रोजच्या ओळखीच्या वस्तूंचीच चित्रं काढली होती: टेबल, त्यावर कागद, कागद ठेवायचे फोल्डर, फायलींचे खण, आलेल्या आणि पाठवायच्या टपालाचे ट्रे. पुढे 1984 मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशने फोल्डरचं चित्र घराघरांत नेलं. मायक्रोसॉफ्टच्या जगात मात्र तोपर्यंत 'डिरेक्टरी' हाच शब्द चालत होता. 'फोल्डर' सर्रास झाला तो विंडोज 95 पासून.

तिथल्या कचेरीतलं फोल्डर म्हणजे मधोमध दुमडलेला जाड पिवळसर पुठ्ठा. त्याच्या एका कडेला थोडा वर आलेला कान असतो आणि त्या कानावर नाव लिहितात. खण बाहेर ओढला की असे पन्नास कान एकामागे एक दिसतात. आपल्या पडद्यावर आजही जे पिवळं चित्र दिसतं ते त्याचंच आहे. आपल्याकडच्या कचेऱ्यांत असा कान फारसा नसतो. आपण कागदाला भोकं पाडतो, टॅग ओवतो आणि नाव कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहितो. त्यामुळे त्या चित्राकडे पाहून आपल्या माणसाला लगेच काही आठवत नाही, ते सांगावं लागतं.

त्याहून मोठा अडथळा एका सवयीचा आहे. आपण "फाईल आण" म्हणतो तेव्हा कव्हरसकट सगळा जुडगा मागत असतो. कॉम्प्युटर मात्र एका कागदालाच फाईल म्हणतो. एक पत्र, एक फोटो, एक बिल. कव्हर ते फोल्डर. हे पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट केलं नाही तर पुढचा सगळा तास दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत राहतात. मी म्हणून वहीत चार ओळी लिहून देते: पूर्ण कपाट म्हणजे कॉम्प्युटरची डिस्क, कपाटाचे खण म्हणजे `Documents`, `Pictures`, `Downloads`, खणातलं कव्हर म्हणजे फोल्डर, कव्हरातला एक कागद म्हणजे फाईल.

मागच्या वर्षी वर्गात जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले एक काका आले. आयुष्यभर आवक-जावक सांभाळलेला माणूस. त्यांना वीजबिलं लॅपटॉपवर नीट लावून ठेवायची होती, कारण मुलगा परगावाहून फोन करून कधी मागच्या जूनचं बिल मागतो, कधी मार्चचं. मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि त्यांच्यापुढे बारा जुनी बिलं आणि तीन रिकामी कव्हरं ठेवली. "काका, तुमच्या पद्धतीने लावा," एवढंच म्हटलं. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. एका कव्हरवर 'वीजबिल' लिहिलं, उरलेल्या दोनांवर 2023 आणि 2024. बिलं वर्षाप्रमाणे वाटली, महिन्याप्रमाणे लावली आणि वर्षांची दोन्ही कव्हरं वीजबिलाच्या मोठ्या कव्हरात सरकवली.

"आता जून 2024 चं बिल कुठे आहे ते मला तोंडी सांगा. कागदाकडे न पाहता."

"वीजबिलाच्या कव्हरात, 2024 च्या कव्हरात, जूनचं."

हे वाक्य म्हणजेच फोल्डरची सगळी कल्पना आहे. प्रत्येक कागदाला एक पत्ता असतो आणि तो बाहेरून आत वाचायचा असतो. कॉम्प्युटर नेमका हाच पत्ता लिहितो, फक्त शब्दांच्या मध्ये तिरकी रेघ घालतो. काकांच्या लॅपटॉपवर तो शेवटी असा झाला:

```
C:\Users\Ghar\Documents\वीजबिल\2024\2024-06 वीजबिल.pdf
```

C हे कपाट. `Users` आणि `Ghar` म्हणजे या कपाटातला तुमच्या घरचा भाग. `Documents` हा खण. मग वीजबिलाचं कव्हर, त्यात 2024 चं कव्हर आणि शेवटी कागद. फाईल एक्स्प्लोररच्या खिडकीत वरच्या पट्टीतल्या रिकाम्या जागेवर क्लिक केलं की हा पत्ता पूर्ण दिसतो. काकांनी तो वहीत उतरवून घेतला, आणि प्रत्येक तिरक्या रेघेवर बोट ठेवून "उघडलं, उघडलं" असं म्हणत वाचला. पुस्तकी व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा मला हे फार मोलाचं वाटतं.

मग मशीनवर तेच काम केलं. कीबोर्डवर विंडोजचं चिन्ह आणि E एकत्र दाबलं की कपाट उघडतं. डावीकडे `Documents` वर क्लिक केलं की खण बाहेर येतो. रिकाम्या जागेवर उजवं बटण दाबून `New` आणि मग `Folder` निवडलं की कोरं कव्हर मिळतं. त्याचं नाव निळ्या पट्टीत असतं तोवर लगेच टाईप करायचं, एंटर दाबायचं. नाव देवनागरीत चालतं. घरच्या माणसांना वाचता येईल तेच नाव द्यावं. त्या कव्हरावर दोनदा क्लिक करून आत जायचं आणि तसंच 2024 चं कव्हर तयार करायचं. इथे नवशिक्या हमखास एक गोष्ट विसरतो. तो आत न जाताच दुसरं फोल्डर करतो, आणि मग वीजबिल व 2024 ही दोन्ही कव्हरं खणात शेजारी शेजारी उभी राहतात. चूक ओळखायची खूण वरच्या पट्टीत असते: नवं कव्हर करण्यापूर्वी पट्टीत शेवटचा शब्द कोणता आहे ते पाहायचं. तुम्ही आत्ता त्याच कव्हराच्या आत उभे आहात.

आता खरी अडचण. काकांनी बिल वेबसाईटवरून उतरवून घेतलं तेव्हा ते वीजबिलाच्या फोल्डरमध्ये गेलं नाही. ते `Downloads` मध्ये पडलं. या खणाबद्दल मी मुद्दाम जास्त वेळ देते, कारण "सापडत नाही" म्हणणाऱ्या माणसाचा कागद बहुतेक वेळा इथेच असतो. कचेरीत टपाल येतं ते आधी आवक टेबलावर पडतं. तिथे ते राहायचं नसतं. नोंद करून योग्य फायलीला लावायचं असतं. `Downloads` म्हणजे ते आवक टेबल. ब्राउझरला तुमच्या कपाटाची मांडणी माहीत नाही, त्यामुळे इंटरनेटवरून आलेलं सगळं तो इथेच ठेवतो: बिल, लग्नाची पत्रिका, नातवाच्या शाळेचं वेळापत्रक. जे इथून उचलून फोल्डरमध्ये नेलं नाही ते वर्षभर इथेच साचतं.

काकांना हे सांगायची फारशी गरज पडली नाही. सरकारी कचेऱ्यांतली सहा गठ्ठा पद्धत त्यांच्या अंगात मुरलेली होती. प्रलंबित कागद वेगळा, कायम ठेवायचा वेगळा, नाश करायचा वेगळा. त्यांनी आपणहून ठरवलं की दर रविवारी `Downloads` रिकामं करायचं. ज्यांनी कचेरी पाहिली नाही त्यांना हा नियम मी वहीत लिहून देते.

फाईल स्वतः तयार केली, म्हणजे एखादं पत्र टाईप केलं, तर गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे `Save As` ची खिडकी उघडते. बहुतेक माणसं तिच्यातली फक्त नावाची चौकट पाहतात, नाव लिहितात आणि `Save` दाबतात. खरं तर ती खिडकी म्हणजे तुमच्यासमोर उघडलेलं लहानसं कपाटच असतं, आणि ते विचारत असतं की कोणत्या कव्हरात टाकू. वरची पट्टी पाहिली नाही तर कागद मागच्या वेळच्या कव्हरात जातो. मी म्हणून सेव्ह करताना आधी पत्ता मोठ्याने वाचायला लावते आणि मगच नाव लिहायला सांगते. नव्वद टक्के की किती, ते मला सांगता येणार नाही, पण या एका सवयीने आमच्या वर्गातली शोधाशोध खूपच कमी झाली.

नावाबद्दल एक ठेच जवळजवळ प्रत्येकाला लागते. आपण तारीख 5/6/2024 अशी लिहितो. ती नावात टाईप करायला गेलं की विंडोज नकार देतं आणि सांगतं की ही चिन्हं नावात चालणार नाहीत:

```
\ / : * ? " < > |
```

कारण सोपं आहे. पत्ता लिहिताना कव्हरांच्या मध्ये जी रेघ येते ती नावातही आली तर नाव कुठे संपलं आणि पुढचं कव्हर कुठे सुरू झालं, हे मशीनला कळणार कसं? म्हणून आडवी रेघ वापरायची. आणि वर्ष आधी लिहायचं: 2024-06, 2024-07. मग बिलं आपोआप महिन्यांच्या क्रमाने उभी राहतात. महिन्यांची नावं अक्षरांत लिहिली तर मशीन ती अक्षरांच्या क्रमाने लावतं आणि ऑगस्टच्या आधीच ऑक्टोबर येतो, सप्टेंबर कुठेतरी तळाला जातो. फाईलवर एकदा क्लिक करून F2 दाबलं की नाव बदलता येतं.

कागद एका कव्हरातून काढून दुसऱ्यात ठेवणं कपाटात अगदी साधं काम आहे, आणि मशीनमध्ये नेमकं तिथेच लोक घाबरतात. `Cut` शब्दामुळे त्यांना वाटतं की कागद कापला गेला. तो कापला जात नाही, जागचा हलतही नाही. Ctrl आणि X दाबल्यावर तो फक्त फिकट दिसतो. म्हणजे तुम्ही त्याला बोट लावून "हा न्यायचाय" एवढंच सांगितलंय. मग दुसऱ्या कव्हरात जाऊन Ctrl आणि V दाबलं की तो तिथे जातो. मधेच फोन आला आणि तुम्ही विसरलात तरी कागद जुन्या जागी शाबूत असतो. चुकून भलतीकडे ठेवला तर लगेच Ctrl आणि Z दाबायचं, तो माघारी येतो. Ctrl आणि C दाबलं तर मूळ कागद जागेवर राहतो आणि दुसऱ्या कव्हरात त्याची झेरॉक्स जाते.

माऊसने ओढून नेण्याची पद्धत मी सुरुवातीला शिकवत नाही. एकाच डिस्कवर एका फोल्डरमधून दुसऱ्यात ओढलं तर विंडोज कागद हलवतं, आणि तीच फाईल पेन ड्राईव्हवर ओढली तर मात्र झेरॉक्स काढतं. हाताची हालचाल तीच, परिणाम दोन. नवशिक्याला यातून असं वाटतं की मशीन मनाला येईल तसं वागतं. आधी बटणांनी खात्री पटू द्यावी.

हलवण्यापर्यंत कपाटाची तुलना छान चालते. तिचा पहिला तडा जातो तो सारख्या नावांवर. लोखंडी कपाटात एकाच कव्हरात 'बिल' असं लिहिलेले दोन कागद खुशाल राहतात. फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाईली राहू शकत नाहीत. तशी वेळ आली की विंडोज विचारतं की आधीची बदलू का, आणि घाईत `Replace` वर क्लिक झालं की जुना कागद जातो. त्याच्या जागी नवा येतो. वीजबिलांत हे होण्याची शक्यता फार असते, कारण काही ठिकाणांहून दर महिन्याचं बिल त्याच नावाने येतं. ती खिडकी दिसली की थांबायचं, `Skip` दाबायचं आणि आधी फाईलचं नाव बदलायचं, हे मी लाल शाईने लिहून देते.

दुसरा तडा शॉर्टकटचा. डेस्कटॉपवरच्या काही चित्रांच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटा बाण असतो. तो कागद नव्हे. ती एक चिठ्ठी आहे, 'मूळ कागद अमुक खणात आहे' असं सांगणारी. त्या चिठ्ठीवर दोनदा क्लिक केलं की मशीन धावत जाऊन मूळ कागद उघडतं, त्यामुळे माणसाला तो कागदच वाटतो. आमच्या वर्गातल्या एका काकूंनी भाडेकराराचा शॉर्टकट पेन ड्राईव्हवर घेतला आणि प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेल्या. तिथे तो उघडेना. उघडणार कसा? चिठ्ठीत लिहिलेला पत्ता त्यांच्या घरच्या कपाटाचा होता आणि ते कपाट घरीच होतं. बाण दिसला की पेन ड्राईव्हवर घ्यायचं नाही, मूळ फाईल शोधून ती घ्यायची. एवढं लक्षात ठेवलं की दुकानाची फेरी वाचते. उलट बाजूने यातच एक दिलासाही आहे. बाणाचं चित्र चुकून डिलीट झालं तर घाबरायचं कारण नाही, गेली ती चिठ्ठीच.

काकांनी डिलीटबद्दल विचारलं तेव्हा त्यांना कपाटापेक्षा मशीन बरं वाटलं. कचेरीत टोपलीत टाकलेला कागद परत काढला तरी तो कोणत्या फायलीचा, हे आठवावं लागतं. `Recycle Bin` मध्ये गेलेल्या फाईलवर उजवं बटण दाबून `Restore` म्हटलं की ती आपल्या मूळ फोल्डरमध्येच परत जाते. फोल्डर डिलीट केलं तर आतले सगळे कागद त्याच्याबरोबर टोपलीत जातात, आणि परत येतात तेही सगळे मिळून. पण पेन ड्राईव्हवरून डिलीट केलेलं या टोपलीत येत नाही. ते सरळ जातं.

मुलांना शिकवताना मात्र सुरुवातच उलटी करावी लागते. पाचवीतल्या मुलीला फायलिंग कॅबिनेट दाखवून फोल्डर समजावणं म्हणजे तिने न पाहिलेली एक गोष्ट न पाहिलेल्या दुसऱ्या गोष्टीने समजावणं. कॅबिनेट तिच्या घरी नाही, शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत असेल तर ते तिने आत जाऊन उघडलेलं नाही. आणि फोल्डरही तिला नवीन आहे, कारण मोबाईलवर ती काहीही शोधून काढते. 2021 साली 'द व्हर्ज' या अमेरिकी संकेतस्थळाने कॉलेजच्या प्राध्यापकांचा असाच अनुभव प्रसिद्ध केला होता: विज्ञान शिकणाऱ्या हुशार विद्यार्थ्यांना फाईल कुठे ठेवली आहे, हा प्रश्नच कळत नव्हता. सगळं एकाच ढिगात असतं आणि हवं ते शोधून काढायचं, अशी त्यांच्या मनातली मांडणी होती. मुलांना यात काही कमी पडलंय असं मला वाटत नाही. त्यांना कपाटाचा अनुभव मिळालेला नाही, एवढंच आहे, आणि तो देता येतो.

म्हणून मी मुलांना आमच्या संघाच्या खोलीतल्या लोखंडी कॅबिनेटपाशी नेते. एकेकाला खण ओढू देते. मग एक कागद लपवते आणि दुसऱ्याला तो शोधायला सांगते, अट एकच: कागद लपवणाऱ्याने फक्त पत्ता सांगायचा, बोट दाखवायचं नाही. "दुसरा खण, 'सहल' लिहिलेलं कव्हर, त्यातलं 'खर्च' लिहिलेलं कव्हर." दहा मिनिटांत मुलं पत्ते बोलू लागतात. मग लॅपटॉपवर हाच खेळ खेळायचा.

त्या खेळातूनच एका मुलीने मला फार चांगला प्रश्न विचारला. तिने सिनेमाची मोठी फाईल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवली तेव्हा ती क्षणात गेली. तीच पेन ड्राईव्हवर घ्यायला कितीतरी मिनिटं लागली. "ताई, दोन्ही ठिकाणी सिनेमा तेवढाच होता ना?"

याचं उत्तर द्यायचं तर कपाटाचं दार आणखी थोडं उघडावं लागतं. डिस्कवर कव्हरं नसतातच. माहिती तुकड्यातुकड्यांनी जागा मिळेल तिथे लिहिलेली असते, आणि मशीनपाशी एक नोंदवही असते. कोणत्या नावाचा कागद कोणत्या कव्हरात दाखवायचा आणि त्याचे तुकडे डिस्कवर कुठे आहेत, हे त्या वहीत लिहिलेलं असतं. फोल्डर म्हणजे खरं तर त्या वहीतलं एक पान. एकाच डिस्कवर फाईल हलवली की एका पानावरची नोंद खोडून दुसऱ्या पानावर लिहिली जाते. सिनेमा जागचा हलत नाही. पेन ड्राईव्ह हे वेगळंच कपाट, त्याची वही वेगळी. तिथे सिनेमा सगळाच्या सगळा उतरवून काढावा लागतो, म्हणून वेळ लागतो. काकांना आवक-जावक वहीवरून हे एका वाक्यात पटलं. मुलीला पटायला खण पुन्हा एकदा उघडावा लागला.

पहिल्या मॅकिंटॉशची हकीकत इथे सांगण्यासारखी आहे. 1984 च्या त्या मशीनमध्ये फोल्डर पडद्यावर दिसत, पण डिस्कवर सगळ्या फाईलींची एकच सलग यादी असे. त्यामुळे वेगळ्या फोल्डरांत टाकूनही एका डिस्कवर एकाच नावाच्या दोन फाईली ठेवता येत नसत. डिस्कवरच्या यादीतही फोल्डरची खरी मांडणी आली ती 1985 मध्ये. आज आपल्या 2023 च्या आणि 2024 च्या दोन्ही फोल्डरांत 'जून' नावाची फाईल बिनधास्त राहते, कारण दोन पत्ते वेगळे धरले जातात.

नोंदवही कळली की कव्हरात कव्हर, त्यात कव्हर असं किती खोल जाता येईल, हा मुलांचा पुढचा प्रश्नही सुटतो. लोखंडी कपाटात तिसऱ्या कव्हराला पुठ्ठा फुगतो. वहीला काही फुगत नाही, म्हणून मशीन खूप खोल जाऊ देतं. पण माणसाने जाऊ नये. घरच्या कागदांसाठी खण, कव्हर आणि आतलं एक कव्हर एवढ्यावर मी थांबायला सांगते. त्यापुढे पत्ता तोंडी सांगता येत नाही, आणि तोंडी सांगता न येणारा पत्ता पुन्हा "सापडत नाही" वरच आणून सोडतो.

मोबाईलवर फोटो पाहणाऱ्या आजी-आजोबांसाठी आणखी एक गोष्ट नीट सांगावी लागते. गुगल फोटोज मधला अल्बम हा फोल्डर नव्हे. एकच फोटो 'गणपती 2024' मध्येही असू शकतो आणि 'नात' मध्येही, आणि तरी फोटो एकच असतो. कपाटात एक कागद दोन कव्हरांत असू शकत नाही, त्यामुळे इथे कपाटाची तुलना सोडूनच द्यावी. अल्बममधून काढताना फोटो फक्त त्या अल्बममधून जातो. पण `Delete` केलं तर तो सगळीकडून जातो. दोन ठिकाणी दिसतोय म्हणून एक जादा झाला असं समजून डिलीट करणारे मी पाहिले आहेत. त्यांनी फोटो `Trash` मध्ये जाऊन लगेच परत आणावा, तिथे तो ठरावीक दिवसच राहतो.

कल्पना खरंच पोचली की नाही, हे मी एका कामातून पाहते. लॅपटॉप बंद करते आणि विचारते, "मागच्या जुलैचं बिल?" उत्तर "ते तिथे, त्या पिवळ्यात" असं आलं तर आम्ही पुन्हा कव्हरं घेऊन टेबलाशी बसतो. काकांनी परवा परगावच्या मुलाला फोनवर सांगितलं, "`Documents` उघड, वीजबिल, 2024, शून्य सात." मुलाने तिकडून दूरूनच त्यांच्या लॅपटॉपला जोडून घेतलं होतं. त्याला ते पहिल्याच वेळी मिळालं, आणि काकांनी लगेच त्याला पाणीपट्टीचं फोल्डर कुठे करायचं ते सांगायला सुरुवात केली.